आम्हाला जरा कमी बोलवा

चाकणच्या आमच्या कारखान्यासाठी जर्मनीत एक यंत्र तयार होत होतं. ते पेटीत बंद होण्याआधी कुणीतरी तिथे जाऊन, त्यावर आपले भाग चालवून, मापं तपासून यायचं होतं. साहेबांनी माझं नाव घेतलं आणि ऑफिसातल्या लोकांनी चॉकलेटांची यादी दिली. निमंत्रणपत्र मागण्याचं काम उरलं होतं, पण ते यादीत धरण्याजोगं कुणालाच वाटलं नाही.

जर्मन माणसाकडे पत्र मागितलं की तो विचारतो, "तारखा कोणत्या?" तारखा ट्रॅव्हल डेस्क देणार. ट्रॅव्हल डेस्क म्हणतं, व्हिसा हातात आल्याशिवाय तिकीट काढणार नाही. त्यांचंही खरं, व्हिसा देणारेही तोच सल्ला देतात. आणि व्हिसासाठी तर पत्र हवं. शेवटी एजंटने न काढलेल्या तिकिटाचं नुसतं आरक्षण पाठवलं आणि त्या भरवशावर सोमवार ८ ते शुक्रवार १२ सप्टेंबर असं ठरलं. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या निदान १५ दिवस आधी द्यावा लागतो. त्यात हा मधला ऑगस्ट. माझ्या मेलला उत्तर दर वेळी सेकंदात यायचं, आणि त्यात एवढंच असायचं की सहीचा अधिकार असलेले साहेब रजेवर आहेत.

साहेब परतले आणि पत्र आलं. दोन ओळी! "मिस्टर सचिन यांच्या भेटीची आम्ही वाट पाहत आहोत. सर्व व्यवस्था आम्ही करू." माणूस दिलदार, पण पत्र कुचकामी. माझ्या पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात आहे आणि दिलेल्या नावाच्या रकान्यात माझ्यामागे वडील उभे आहेत. आम्हा तिघांपैकी पत्रात एकटा मीच होतो. पासपोर्ट क्रमांक नाही, हुद्दा नाही, कशासाठी येतोय ते नाही. आणि "सर्व व्यवस्था" म्हणजे खर्चही तुमचाच का? यजमान खर्च उचलणार असेल तर जर्मनीत त्याची रीतसर कायदेशीर हमी लागते, तिथल्या निवास कायद्याची कलमं ६६ ते ६८. आमचा खर्च आमची कंपनी करणार, तसं आमच्या पत्रात लिहिलेलंही होतं. एकाच खर्चाला दोन बाप दिसले की खिडकीवरचा माणूस मान वर करतो. तेव्हा मीच मसुदा लिहून पाठवला : पासपोर्टप्रमाणे पूर्ण नाव, क्रमांक, तारखा, कोणत्या ऑर्डरचं कोणतं यंत्र, खर्च कुणाचा, खाली सही करणाऱ्याचं नाव, हुद्दा आणि फोन. त्याला सुटल्यासारखं झालं असावं. दुसऱ्याच दिवशी लेटरहेडवर सही होऊन पत्र परत आलं, सोबत रोजचा कार्यक्रम. मंगळवारी चाचणी, बुधवारी मोजमाप, गुरुवारी दुरुस्त्या, प्रत्येक दिवसापुढे पत्ता. दुपारच्या जेवणालासुद्धा वेळ नेमून दिलेली, साडेअकरा!

इथे फाइल बंद व्हायला हवी होती. पण आमचे साहेब म्हणाले, "जाताच आहात तर इटलीतल्या पुरवठादारालाही भेटून या. एक दिवसाचं तर काम."

ब्रेशाच्या त्या गृहस्थांचं पत्र मागितल्याच्या संध्याकाळीच आलं, तेही दोन पानी. शनिवारी विमानतळावर ते स्वतः येणार. शनिवार-रविवार गार्डा सरोवर. सोमवार ते बुधवार कारखाना, रोज वेगळा विभाग. गुरुवारी त्यांच्या घरी जेवण, मग प्रस्थान. वाचताना गहिवरून आलं आणि मग बोटांवर मोजले. जर्मनी पाच दिवस, इटली सहा.

शेंगेनचा नियम असा, की कामाच्या किंवा दिवसांच्या हिशेबाने मुख्य मुक्काम ज्या देशात, अर्ज त्याच्याकडे. ठरवताच येत नसेल तर ज्या देशात आधी पाऊल टाकणार तिकडे. मुख्य काम जर्मनीतच आहे असा वाद घालता आला असता, पण खिडकीच्या अलीकडे उभं राहून वाद कोण घालणार? दिवसांच्या हिशेबाने त्या भल्या माणसाने नुसत्या प्रेमाने माझी अख्खी फाइल इटलीच्या दारात नेऊन ठेवली होती. विम्याच्या आणि हॉटेलच्या तारखाही आता कशालाच जुळत नव्हत्या.

म्हणून मी आयुष्यातलं सर्वांत अवघड पत्र लिहिलं : कृपया आम्हाला जरा कमी बोलवा. आपल्याकडे कुणाला असं कळवलं असतं तर पुढच्या लग्नाची पत्रिका आली नसती. त्यांचा फोन आला. सरोवर आवडत नाही का, असं त्यांनी दोनदा विचारलं. मी नियम समजावला, ते "हो, हो" म्हणाले. नवं पत्र आलं : आगमन शनिवारी, सोमवारी कारखाना, त्याच रात्री परतीचं विमान. आता जर्मनी पाच, इटली तीन. विमा आणि हॉटेल ८ ते १५ करून घेतलं.

व्हिसा केंद्रातल्या मुलीने दोन्ही कार्यक्रम शेजारी ठेवून तारखांवरून पेन फिरवलं. सगळं जुळलं. मग ते पेन इटलीच्या सोमवारवर थांबलं. कारखान्याची भेट तिथे सकाळी दहा ते बारा होती, आणि घरचं जेवण बारा ते पाच.

"एवढं जेवण?" तिने विचारलं.


"यजमान ऐकत नाहीत हो," मी म्हणालो, आणि तिने शिक्का मारला.