गच्चीवरचा चेंडू वर थांबत नसतो, बावा

"गच्चीवरून तिरपा फेकलेला चेंडू सगळ्यात उंच गेला की क्षणभर थांबतो. चढायला जेवढा वेळ, तेवढाच उतरायला, म्हणून चढायचा वेळ दुप्पट करा, झालं उत्तर. आणि लांब फेकायचा असेल तर ४५ अंशच."

हा मजकूर आणि सोबत वहीच्या पानाचा फोटो सध्या नागपुरातल्या अकरावीच्या पोरांच्या मोबाईलवर फिरतोय. गणितात गच्ची १० मीटर उंच, वेग सेकंदाला २० मीटर, कोन ३० अंश. हवेचा विरोध धरायचा नाही आणि g १० घ्यायचा.

आधी ती आकृती बघा. निळ्या पेनाने काढलेला मार्ग वर टोकदार झालाय, अगदी कौलाच्या छपरासारखा. चूक तिथेच दिसते. चेंडू खरंच थांबला असता तर तिथून सरळ खाली पडला असता. मग पुढची तिरकी रेघ आली कुठून? शून्य होतो तो फक्त वर जाणारा वेग. पुढे जाणारा वेग, २० cos 30° म्हणजे १७.३, तसाच टिकतो, कारण गुरुत्व खाली ओढतं, मागे नाही. म्हणून माथ्यावर मार्ग क्षणभर आडवा होतो, टोकदार नाही. माझ्या नंदनवनातल्या शिकवणीत पोरांनी विटांच्या भिंतीसमोर चेंडू उडवून स्लो मोशनमध्ये चित्रण केलं. माथ्याजवळ चेंडू वर-खाली जेमतेम हलत होता, पण दर फ्रेमला पुढे मात्र जवळपास तेवढ्याच विटा सरकत होता.

आता वेळ. वर जाणारा वेग १०, म्हणून चढायला १ सेकंद लागतो आणि चेंडू ५ मीटर चढतो. पुढच्या १ सेकंदात तो परत गच्चीच्या पातळीला येतो. दुप्पट करायचा नियम इथपर्यंतच खरा. जमीन अजून १० मीटर खाली आहे! माथ्यापासून जमिनीपर्यंत १५ मीटर, म्हणजे √3, सुमारे १.७३ सेकंद. एकूण २.७३ सेकंद, अंतर ४७.३ मीटर. फोटोतलं उत्तर ३४.६ आहे, त्या क्षणी चेंडू हवेतच, गच्चीच्या उंचीवर असतो.

४५ अंशांचं म्हणणं त्या मानाने कमी चुकीचं आहे. फेकायची आणि पडायची जागा एकाच पातळीवर असेल तर ते बरोबर. उंचीवरून फेकताना पडण्याचा जास्तीचा वेळ फुकटात मिळतो, त्यामुळे थोडा चपटा फेकलेला परवडतो. सर्वोत्तम कोन असा निघतो:

tanθ = u / √(u² + 2gh)

इथे तो साधारण ३९ अंश येतो आणि अंतर ४९.० मीटर. ४५ अंशांनी ४८.३. फरक जेमतेम पाऊण मीटरचा, त्यामुळे यावरून भांडण नको. पण गच्ची जितकी उंच, तितका हा कोन खाली येतो.

खऱ्या लेदर बॉलला या वेगाला हवेचा विरोध वजनाच्या पाव हिश्शाहून थोडा जास्त भरतो. तेव्हा तो ४७ मीटरच्या बराच अलीकडे पडेल, आणि उतरता मार्ग चढत्यापेक्षा जास्त खडा दिसेल.