‘किमान ३० हवेत’ या आक्षेपाला उत्तर

“नमुना फक्त २४. किमान ३० हवा, हे सर्वमान्य आहे. मिळालेल्या निकालावरून अभ्यासाची पॉवर काढून द्यावी, अन्यथा निष्कर्ष ग्राह्य धरता येणार नाहीत.”

माननीय समीक्षक,

हा ३० चा आकडा गेल्याच महिन्यात माझ्या विद्यार्थिनीच्या प्रबंधाच्या आराखड्यातही सापडला. का, असं विचारलं तर “सगळे लिहितात” एवढंच उत्तर आलं. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आम्ही २४ गरोदर स्त्रियांच्या रक्ताचा प्रत्येक नमुना दोन यंत्रांवर तपासला, एक हातातलं आणि एक प्रयोगशाळेतलं. एकाच रक्तावर दोन्ही मोजमापं असल्याने बायका-बायकांमधला हिमोग्लोबिनचा फरक गणितातून निघून जातो. उरतो तो फक्त यंत्रांमधला फरक. तो सरासरी ०.३ ग्रॅम प्रति डेसिलीटर आला (हातातलं यंत्र जास्त दाखवतं), आणि या फरकांचं प्रमाण विचलन ०.६. ते २४ च्या वर्गमुळाने भागलं की प्रमाण त्रुटी ०.१२ येते, आणि २३ मुक्तता अंशांच्या टी-मूल्याने, २.०७ ने, गुणलं की ०.२५. म्हणजे ९५ टक्के विश्वासांतर ०.०५ ते ०.५५. सरासरी फरक १ ग्रॅमच्या आत असावा, ही मर्यादा आम्ही रक्त घेण्याआधीच लिहून ठेवली होती. अख्खं अंतर तिच्या आत आहे.

३० स्त्रिया घेतल्या असत्या तर ०.२५ चं ०.२२ झालं असतं. ३० वर काही दार उघडत नाही. टी-वितरण तर गॉसेटने १९०८ मध्ये लहान नमुन्यांसाठीच मांडलं.

निकालानंतरच्या पॉवरची मागणी मात्र मला मान्यच नाही. होनिग आणि हायसी यांनी २००१ मध्ये ‘द अमेरिकन स्टॅटिस्टिशियन’मध्ये दाखवलं की अशी पॉवर हे पी-मूल्याचंच दुसरं रूप असतं. पी ०.०५ असेल तर ती साधारण ५० टक्के येते, नमुना कितीही असो. त्यातून नवी माहिती काहीच मिळत नाही. अचूकता किती साधली, हे विश्वासांतरच सांगतं.

तुमच्या आक्षेपातली एक गोष्ट मात्र कबूल करतो. एकेका स्त्रीच्या मोजमापासाठी ब्लँड-ऑल्टमन मर्यादा −०.८८ ते १.४८ येतात, आणि त्या मर्यादांचा अंदाज सरासरीइतका अचूक नसतो. वरच्या मर्यादेचं विश्वासांतर सुमारे १.०४ ते १.९२ आहे. म्हणजे खरं हिमोग्लोबिन १०.२ असलेली स्त्री या यंत्रावर ११ च्या वर दिसू शकते, आणि तिचा रक्तक्षय निसटू शकतो. इथे २४ कमीच पडतात. “वैयक्तिक निदानासाठी योग्य” हे आमचं वाक्य म्हणून काढून टाकलं आहे, आणि दोन्ही मर्यादांची विश्वासांतरं तक्त्यात घातली आहेत. सरासरी फरकाचा निष्कर्ष आहे तसाच ठेवला आहे.