एका 'मुळे'ने होणारा घोटाळा

परवा एका तरुण सहकाऱ्याने बातमीचा मसुदा दाखवला. मथळा होता, 'नियमित चर्चला गेल्यामुळे माणसांवरचा विश्वास वाढतो.' आधार अमेरिकेतल्या जनरल सोशल सर्व्हेचा. आकडे त्याने नीट उतरवले होते. मी फक्त 'मुळे'भोवती लाल गोल काढला. त्याला ते फारच किरकोळ वाटलं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

ही पाहणी 1972 पासून चालू आहे. बहुतेक माणसांवर विश्वास ठेवता येतो, की लोकांशी वागताना सावध राहिलेलंच बरं, असा तिच्यात एक प्रश्न असतो. प्रार्थनेला किती वेळा जाता, हा दुसरा. दोन्ही एकाच माणसाला एकाच बैठकीत विचारतात. मग चर्चला जाऊन विश्वास वाढला, की मुळात लोकांवर विश्वास असलेला माणूसच चार लोकांत मिसळायला चर्चला जातो, हे या उत्तरांवरून कसं ठरवणार?

त्याला मी कागदावर एक हिशेब मांडून दाखवला, आकडे निव्वळ समजुतीसाठी. समजा, चर्चला जावो न जावो, वयस्करांपैकी शंभरातले 50 आणि तरुणांपैकी 20 जण इतरांवर विश्वास ठेवतात. नियमित जाणाऱ्या शंभरात 80 वयस्कर, 20 तरुण. म्हणजे विश्वास ठेवणारे 40 अधिक 4, एकूण 44. न जाणाऱ्या शंभरात हेच प्रमाण उलटं, तिथे 10 अधिक 16, एकूण 26. चर्चचा परिणाम शून्य, तरी तक्त्यात 18 टक्के-बिंदूंचा फरक! तो सगळा वयाचा.

वयोगट वेगळे करून पाहिल्यावरही फरक उरला, तर शंका कमी होते, संपत नाही. स्वभाव, तब्येत, गावात किती वर्षं राहतो, यातलं जे विचारलंच नाही ते वेगळं काढणार कसं? उलटंही घडतं. अमेरिकेतले कृष्णवर्णीय सरासरीने चर्चला जास्त जातात, आणि या प्रश्नाला 'विश्वास ठेवता येतो' असं कमी म्हणतात. त्यांना भोगाव्या लागलेल्या भेदभावाकडे न पाहता चर्चला दोष देणं हा तर उघड अन्याय.

आणखी एक. 'जातो' असं सांगणं म्हणजे जाणं नव्हे. 1993 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ओहायोतल्या एका काउंटीत चर्चमधली प्रत्यक्ष हजेरी मोजली. प्रोटेस्टंटांपैकी सुमारे 36 टक्के जण त्या आठवड्यात गेल्याचं सांगत होते, मोजणीत ते सुमारे 20 टक्केच निघाले. म्हणून 'जाणारे' ऐवजी 'जातो असं सांगणारे' लिहायला हवं. वाक्य लांबतं, लांबू दे.

शेवटी मथळा असा गेला: 'नियमित चर्चला जातो असं सांगणाऱ्यांमध्ये इतरांवर विश्वास ठेवणारे जास्त.' आणि पहिल्याच परिच्छेदात, 'यातलं कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे या पाहणीवरून ठरत नाही.' हे वाक्य शेवटच्या ओळीत ढकलू नका, जागा कमी पडली की आधी तीच ओळ कापली जाते.