हिरवंगार स्कोअरकार्ड कसं बनवावं

इंटरनेट लाइनचा करार झाला की काही हौशी लोक तो वाचायला घेतात. तुम्ही असला आगाऊपणा करू नका. सह्या झाल्या, चहा झाला, की करार कपाटात घाला. एक्सेलमध्ये एकच ओळ लिहा, 'अपटाइम 99.5 टक्के', म्हणजे लाइन एवढा वेळ चालू हवी, आणि दर महिन्याला कंपनी जो आकडा पाठवेल तो तिच्यासमोर चिकटवा. आकडा मोठा दिसला की रकाना हिरवा करा. आमच्या लातूरच्या पतसंस्थेत दोन वर्षं हेच चाललंय आणि संचालक मंडळ भलतंच खूश आहे.

99.5 टक्के कशाचे, हे तर अजिबात विचारू नका. जूनमध्ये ऐन पेरणीत, सोमवारी सकाळी 11 ला आमच्या निलंग्याच्या शाखेची लाइन गेली. "साहेब, बी-बियाण्याचे पैसे काढायला लोकं आलेत, दारात ओरडायलेत," असा फोन आला. लाइन आली मंगळवारी सकाळी 7 ला. म्हणजे 20 तास. महिनाअखेरीस कंपनीचा अहवाल आला, अपटाइम 99.54 टक्के. आमच्या पोरानं हिरवा रंग भरला. खोटं काहीच नव्हतं हो! आमच्या 6 शाखा. जूनचे 720 तास गुणिले 6, म्हणजे 4320 तास. त्यातले 20 गेले, सरासरी 99.54. पाच शाखांच्या ताटात निलंग्याची उपाशी शाखा बसवली की सगळे जेवल्यासारखे दिसतात. करारात मात्र 'प्रत्येक लिंकसाठी स्वतंत्र', म्हणजे प्रत्येक शाखेच्या लाइनचा वेगळा हिशेब, असं स्वच्छ मराठीत लिहिलंय. पण करार कपाटात होता ना.

तक्रार केल्यावर कंपनीकडून 'आम्ही बघतोय' असा आपोआप आलेला मेसेज म्हणजेच दुरुस्ती, असं समजून चाला.

वगळलेल्या बाबींचं कलम कंपनीच्या तोंडूनच ऐका, फार गोड सांगतात. "जेसीबीनं केबल तोडली, दैवी आपत्ती." आमच्या करारात दैवी आपत्तीत पूर, भूकंप, युद्ध आणि दंगल एवढंच आहे. भूकंप आम्हाला शिकवू नका, किल्लारी शेजारीच आहे. 1993 चा तो दिवस इथं कुणी विसरलेलं नाही. रस्त्याकडेचा जेसीबी त्यात कसा बसतो? मग म्हणाले, रात्री 9 ते 1 पूर्वनियोजित दुरुस्ती होती, ते 4 तास वगळा. करारात 48 तास आधी लेखी सूचना हवी. त्यांचा ईमेल त्याच दिवशी दुपारी 4 ला आलेला. म्हणजे 4 तासांतला एक मिनिटही वगळता येत नाही. हां, रात्री 1 ते 4 आमच्या शाखेत वीज नव्हती आणि यूपीएसही बसला होता. ते 3 तास मात्र त्यांचेच, प्रामाणिकपणे द्यायचे. मग हिशेब असा: 720 मधून 3 वजा, राहिले 717. बंद 17. चालू 700. 700 भागिले 717, म्हणजे 97.63 टक्के. हा होता त्या हिरव्या रकान्यातला खरा आकडा.

98 च्या खाली गेलं की त्या लिंकच्या मासिक भाड्याच्या 20 टक्के दंड, आणि तीच कमाल मर्यादा. भाडं 12,000, म्हणजे दंड 2,400. एवढ्याशासाठी कोण भांडतं, असं म्हणा आणि सोडून द्या. आम्हीही तेच म्हणालो. शिवाय दावा बिल आल्यापासून 15 दिवसांत लेखी करायचा असतो. बिल 2 जुलैला आलं, आम्ही पत्र 21 ला पाठवलं. "मुदत संपली साहेब," एवढंच उत्तर आलं, नम्र भाषेत.

पण जीव 2,400 साठी जळत नाहीये. त्याच पानावर खाली लिहिलंय, एखादी लिंक सलग तीन महिने 98 च्या खाली राहिली तर नुकसानभरपाई न देता ती तोडता येते. एप्रिल आणि मे मध्येही निलंगा असंच रडत होतं. नोंद? नाही. शाखेनं फोन केले, तक्रार क्रमांक कुणी लिहून घेतला नाही. त्यामुळे अजून 14 महिने आम्ही याच लाइनला भाडं भरणार.

अरे, एका ओळीचं स्कोअरकार्ड काय कामाचं? प्रत्येक शाखेची वेगळी ओळ करायला काय झालं होतं? कलम क्रमांक, घड्याळ कधीपासून चालू होतं (आमच्याकडे तक्रार क्रमांक मिळाल्यापासून, लाइन गेल्यापासून नव्हे), वगळलेला वेळ आणि त्याचा पुरावा, दंडाचा टप्पा, दाव्याची शेवटची तारीख. पाच रकाने! करार 22 पानांचा आहे, एका दुपारी वाचून होतो. कंपनीनं फसवलं म्हणून बोंबलू नका. तिनं आपल्याच सहीखालचं वाचलं, आपण नाही. जुलैचं बिल टेबलावर पडलंय. उठा, तो करार कपाटातून काढा, आणि त्या पोराला आधी निलंग्याला फोन लावायला सांगा.