जीभ आपटून 'र्र' येत नाही

"ज्यांना लांब 'र्र' घुमवता येत नाही त्यांची जीभ जन्मतःच जड असते. जिभेवर गारगोटी ठेवा आणि रोज अर्धा तास जीभ जोर लावून टाळूवर आपटत 'र्र्र' म्हणा. एकवीस दिवसांत जीभ सुटते. मराठी माणसाला 'र' येतोच, त्यामुळे स्पॅनिशचा 'र्र' तर आपोआप येईल. पुढे पाठवा."

जहाजावर नोकरीला निघालेल्या मुलांना मी रत्नागिरीत स्पॅनिश शिकवतो. वर्गात येणाऱ्या निम्म्या मुलांच्या मोबाइलमध्ये हा निरोप आधीच असतो. त्यातल्या 'जोर लावून' या दोन शब्दांनी जेवढं नुकसान केलंय तेवढं बाकी सगळ्या निरोपाने केलेलं नाही, म्हणून सुरुवात तिथून.

मच्छीमार होडीवरचा बावटा आठवा. तो कुणी हाताने हलवत नाही. एक कड काठीला बांधलेली असते, दुसरी मोकळी असते आणि वारा वाहिला की ती मोकळी कड फडफडते. तीच कड दोरीने ताणून बांधली तर कितीही वारा येवो, ती ढिम्म राहते. जिभेचं अगदी असंच आहे. 'र्र' म्हणताना शेंडा सेकंदाला पंचवीस-तीस वेळा हलतो. एवढ्या वेगाने कुठलाही स्नायू आपण ठरवून हलवू शकत नाही. हलवते ती हवा, आपण फक्त जीभ योग्य जागी धरायची. जिभेच्या दोन्ही कडा वरच्या दाढांना टेकलेल्या हव्यात, ही झाली काठी. शेंडा वरच्या दातांमागच्या उंचवट्याला जेमतेम लागलेला आणि सैल हवा, ही मोकळी कड. जीभ आपटणारा माणूस शेंडाच ताठ करतो, म्हणजे बावटाच ताणून बांधतो.

गेल्या वर्षी मालवणचा एक मुलगा आला होता, जहाजाच्या स्वयंपाकघरात काम मिळालेला. निरोपातला उपाय त्याने इमानेइतबारे पूर्ण केला होता. पहिल्याच दिवशी म्हणाला, "सर, माका ता येना नाय. जीभ फिरनाच नाय." मी म्हटलं, करून दाखव. आवाज मोठा आला, घुमलाही, पण गुळण्या केल्यासारखा. त्याला शेंडा खालच्या दातांमागे टेकवून तेच पुन्हा करायला सांगितलं, तरी आवाज तसाच! म्हणजे त्यात शेंड्याचं काही कामच नव्हतं, घशातली पडजीभ थरथरत होती. ही परीक्षा घरीही करता येते. शेंडा खाली ठेवूनही 'र्र' येत असेल तर तो घशातला आहे. त्याचा सराव वाढवला तर चूकच पक्की होते.

मग त्याला 'ल' म्हणण्याच्या जागेवरून सुरू करायला लावलं, ही चूक माझी. 'ल' म्हणताना शेंडा वर असतो खरा, पण जिभेच्या कडा दाढांपासून सुटलेल्या असतात आणि हवा बाजूने निसटते. गालांत हवा जाणवते, लाळेचा फुसफुस आवाज येतो, शेंडा हलत नाही. 'द' किंवा 'न' म्हणताना मात्र कडा आपोआप बंद होतात. म्हणून 'द'ची जीभ धरायची आणि शेंडा दातांवरून किंचित मागे, हिरडीच्या उंचवट्यावर सरकवायचा. त्याहून मागे नको. तसं केलं की जीभ वळते आणि स्पॅनिश 'पेर्रो'च्या जागी 'पेड़ो' असा एकच ठोका पडतो. आपल्याला 'ड'ची सवय असल्याने ही चूक आपल्याकडे फार होते.

जागा जमल्यावर आवाजाशिवाय, नुसता श्वास. कुजबुजल्यासारखं 'हर्र' करायचं. हे पहिल्यांदा ऐकलं की विचित्र वाटतं, पण कारण साधं आहे. घशातला आवाज सुरू असला की स्वरतंतू वाटेत उभे राहतात आणि हवेचा काही जोर तिथेच खर्च होतो. आवाज बंद केला की सगळा जोर शेंड्यापर्यंत पोचतो. त्याला तरीही नुसती फूऽ ऐकू येत होती. म्हणून 'त'ची मदत घेतली. शेंड्याने वाट बंद करायची, मागे क्षणभर हवा साठू द्यायची आणि जीभ खाली न ओढता सोडायची: 'त्र्र'. हनुवटीवर अंगठा ठेवायचा म्हणजे जबडा हलतोय का ते कळतं. जबडा हलला तर जीभ त्याच्याबरोबर खाली येते आणि खेळ संपतो. चौथ्या दिवशी दोन ठोके आले. स्पॅनिशला बोलताना दोन-तीन पुरतात, मोटारसायकल लागत नाही.

पुढचं काम कुबडी काढण्याचं. आवाज घातला, 'द्र्र' झालं. पण 'पेर्रो' म्हणताना तो 'पेत्-र्रो' म्हणू लागला, 'त' सुटेना. मग 'पे' लांबवायचा, बोलत असतानाच शेंडा वर न्यायचा, मध्ये थांबायचं नाही. 'अर्रा', 'ओर्रो' आधी, 'इर्री' शेवटी, कारण 'इ'साठी जिभेचा मधला भाग वर उठतो आणि शेंड्याला मोकळीक उरत नाही. सराव अर्धा तास सलग नाही, पाच मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. शेंडा दमला की ताठ होतो.

आता मराठी माणसाला तो आपोआप येतो का? अर्धं खरं आहे. 'पाऊस सरसरला' मधला 'र' एकाच ठोक्याचा असतो. स्पॅनिशमध्ये 'पेरो' म्हणजे 'पण' आणि 'पेर्रो' म्हणजे 'कुत्रा', त्यामुळे आपल्या रोजच्या 'र'वर भागत नाही. पण 'भुर्र', 'टर्र', 'सर्रकन' म्हणताना पुष्कळांच्या तोंडून दोन-तीन ठोके नकळत निघतात. म्हणून मी वर्गात पहिल्या दिवशी लहान मुलाला 'भुर्र' न्यायला सांगतो. त्यात येत असेल तर निम्मं काम झालं. मालवणच्या त्या मुलाला तेही येत नव्हतं.

गारगोटीबद्दल एवढंच: ग्रीक वक्ता डेमॉस्थेनिस तोंडात खडे ठेवून सराव करायचा अशी जुनी कथा आहे, आणि त्याला 'र'च म्हणता येत नसे असं सिसेरो सांगतो. कथा म्हणून छान आहे. पण जो शेंडा मोकळा हवा त्यावरच दगड ठेवून काय मिळणार? वर घशात अडकायची भीती.

'जन्मतःच जड जीभ' हेही तपासून पाहता येतं. 'त', 'न', 'ल' स्वच्छ येत असतील तर शेंडा हवा तिथे पोचतो, जीभ पुरेशी आहे. शेंडा वर उचलताना मध्ये दाबला जाऊन पत्त्यातल्या बदामासारखा दिसत असेल किंवा वरच्या दातांमागे पोचतच नसेल, तर जिभेखालचा पडदा आखूड असू शकतो. तिथे डॉक्टरला किंवा वाचा-उपचार करणाऱ्याला दाखवावं. माझ्याकडे आलेल्यांत असे फार थोडे. आणि जिभेची पन्हळ करता येणं वेगळं, त्याचा 'र्र'शी संबंध नाही.

मालवणच्या मुलाला 'पेर्रो' यायला सात आठवडे लागले, एकवीस दिवस नव्हे. 'र्रीको' म्हणजे 'चविष्ट', स्वयंपाक्याला सगळ्यात जास्त लागणारा शब्द. त्यात 'र्र' सुरुवातीलाच आहे, आधी स्वराचा आधार नाही, आणि लगेच 'ई' येते. जहाजावर गेल्यावर त्याने आवाज रेकॉर्ड करून पाठवला. दहापैकी सहा वेळा जमलं होतं, उरलेल्या चार वेळा मात्र 'द्रीको'.