मृत्युपत्राच्या शूटिंगबद्दल आलेल्या तक्रारीला उत्तर

ग्राहकाचा अभिप्राय, १ तारा: "बाबांच्या मृत्युपत्राचं शूटिंग यांच्याकडून केलं, चार हजार मोजले. भर मे महिन्यात कूलर बंद करायला लावला. आता धाकट्या भावाने दावा लावला तर आमचे वकील म्हणतात, नुसत्या व्हिडिओवर भागणार नाही, साक्षीदार आणा. दुसरे साक्षीदार तर व्हिडिओत दिसतच नाहीत. ८० वर्षांचे आहेत, पुण्याला मुलाकडे असतात. पेन ड्राइव्हसोबत सर्टिफिकेट दिलं नाही. मधली सात मिनिटं नुसती शांतता आहे, ती कापा म्हटलं तर नाही म्हणाले. पैसे पाण्यात."

नमस्कार दादा. हे पान तुमचा भाऊही वाचू शकतो, त्यामुळे तुम्ही स्वतः लिहिलंय तेवढ्यावरच बोलतो.

तुमचे वकील बरोबर सांगतात. भारतीय उत्तराधिकार अधिनियम १९२५ च्या कलम ६३ प्रमाणे मृत्युपत्रावर किमान दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. प्रत्येकाने करून देणाऱ्याला सही करताना पाहिलेलं असावं, किंवा "ही माझीच सही" असं त्याच्या तोंडून ऐकलेलं असावं, आणि आपली सही त्याच्यासमोर केलेली असावी. दोघं एकाच वेळी हजर असायलाच हवेत असं नाही. पण करून देणारा गेल्यावर, साक्षीदार हयात असतील तर किमान एकाला तरी कोर्टात उभं करावंच लागतं. त्याची जागा व्हिडिओ घेत नाही. हे बुकिंगच्या वेळी आम्ही तुम्हाला फक्त तोंडी सांगितलं. लिहून द्यायला हवं होतं.

आता दुसऱ्या काकांचं. ही चूक आमची. काकांना यायला उशीर झाला, आमच्या मुलाला सीताबर्डीला दुसरं काम होतं, तो कॅमेरा आवरून निघाला. काकांची सही नंतर झाली आणि तेव्हा पहिले साक्षीदारही घरी गेले होते. अडचण इथेच आहे. एकच साक्षीदार बोलावला तर त्याला दोन्ही साक्षीदारांच्या सह्यांबद्दल सांगता यायला हवं. जानकी नारायण भोईर विरुद्ध नारायण नामदेव कदम या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच धरलं आहे. पहिल्याने दुसऱ्याची सही पाहिलीच नसेल तर दुसऱ्याला बोलवावं लागतं. त्यांना नागपूरपर्यंत आणायलाच हवं असं मात्र नाही. वय आणि तब्येत दाखवून कोर्टाकडे कमिशन मागता येतं, म्हणजे कमिशनर त्यांच्याकडे जाऊन साक्ष नोंदवतो. वकिलांशी आजच बोला. ८० व्या वर्षी तारखांची वाट बघू नये.

मग व्हिडिओचा उपयोग काय? साक्षीदार कोर्टात "आठवत नाही" म्हणाला किंवा उलटला, तर कायदा इतर पुराव्याने सही सिद्ध करू देतो. तिथे व्हिडिओ कामी येतो. दुसरा उपयोग बाबांच्या मनःस्थितीचा, आणि त्यासाठीच ती सात मिनिटं कापली नाहीत. ती नीट बघा. बाबा चष्मा पुसतात, कागद हातात घेतात, पानं उलटत स्वतः वाचतात, एका पानावर परत मागे जातात. "त्यांना काय लिहिलंय ते माहीतच नव्हतं" या आक्षेपाला यापेक्षा चांगलं उत्तर माझ्याकडे नाही. ते कापलं असतं तर समोरच्या वकिलाने पहिला प्रश्न हाच केला असता की मधल्या वेळात कोणी काय पढवलं. कूलरचंही तसंच. त्या घरघरीत बाबांचा आवाज बुडाला असता आणि नुसते हलणारे ओठ उरले असते. उकाड्याबद्दल मात्र माफी.

कॅमेरा सुरू होण्याआधी घरात काय बोलणं झालं, कोणाचा दबाव होता का, हे कुठल्याच शूटिंगमध्ये येत नाही. समोरची बाजू तिथेच बोट ठेवते. त्याचं उत्तर माणसांच्या साक्षीतूनच द्यावं लागतं.

सर्टिफिकेट शूटिंगच्या दिवशी देऊन उपयोग नसतो. ते रेकॉर्डिंग कोर्टात दाखल करताना सोबत द्यायचं असतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली त्याचे दोन भाग आहेत. पहिला भाग उपकरण सांभाळणारा, म्हणजे मी, भरेन. दुसरा तज्ज्ञाकडून घ्यावा लागतो. त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू लिहावी लागते. हॅश म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारा आकडा-अक्षरांचा ठसा. फाइलमध्ये किंचित बदल झाला तरी तो बदलतो. शूटिंगच्या दिवशीची हॅश आमच्या रजिस्टरमध्ये आहे आणि मूळ मेमरी कार्ड पाकिटात सीलबंद आहे, त्यावर पुन्हा काही भरलेलं नाही. घरच्या ग्रुपवर फिरवलेली व्हॉट्सअ‍ॅपची क्लिप दाखल करू नका. ती दाबून लहान झालेली असते, तिची हॅश जुळणार नाही.

माझ्या भागाचं सर्टिफिकेट आणि कॅमेरा चालवणाऱ्या मुलाची साक्ष, दोन्हीचे पैसे घेणार नाही. काकांची सही सुटली त्याबद्दल चारपैकी दोन हजार परत करतो. येताना वकिलांची चिठ्ठी आणि पुढची तारीख घेऊन या, कार्ड तुमच्यासमोर उघडू. दुकान रविवारी बंद असतं.