काकांचं चार मिनिटांचं भाषण

परवा गावात काकांचा सत्कार झाला. पस्तीस वर्षं रक्तदान शिबिरं भरवली म्हणून. शाल, श्रीफळ, मानपत्र, सगळं रीतसर. त्याआधी दोन तास इतरांचीच भाषणं झाली, आणि प्रत्येकाने काकांना "देवमाणूस" म्हणलं. मग काका उठले आणि चार मिनिटांत बसले. ते भाषण तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितोय.

आदल्या रात्री मी त्यांना भाषण लिहून देणार होतो. मी सुरुवातच "या सत्काराला मी पात्र नाही" अशी केली होती. काकांनी ते खोडलं. म्हणाले, "अरे, असं म्हणलं की लोकांना अजून दहा मिनिटं माझं कौतुक करावं लागतं. आणि ज्यांनी सत्कार ठरवला त्यांना मी चुकीचं ठरवतोय असं होतं. सरळ आभार मानायचे आणि कामाचं बोलायचं." मला हे फार पटलं. आपल्याकडे नम्रता म्हणजे स्वतःला लहान म्हणणं असं झालंय, आणि त्यात सगळं भाषण "मी, मी" करतच जातं. काकांच्या भाषणात "मी" जवळजवळ नव्हताच.

त्यांनी सुरुवात केली ती निळ्या बाटलीपासून. शिबिरात गेलेल्यांना माहीत असेल, बोटाला सुई टोचून रक्ताचा एक थेंब मोरचुदाच्या निळ्या पाण्यात सोडतात. थेंब बुडाला तर हिमोग्लोबिन साडेबाराच्या वर, रक्त देता येतं. तरंगत राहिला किंवा वर आला तर परत पाठवतात. काका म्हणाले, "आपण टाळ्या वाजवतो थेंब बुडालेल्यांसाठी. मला आज थेंब तरंगलेल्यांचे आभार मानायचेत." आणि मग सांगितलं की शिबिराला सकाळी सगळ्यात आधी रांगेत बायका असतात आणि परत जाणाऱ्यांत सगळ्यात जास्त त्याच असतात (आपल्या राज्यात निम्म्याहून जास्त बायकांना ॲनिमिया आहे, हे सरकारी पाहणीतलं आहे). पण त्यातल्या कितीतरी जणी घरी गेल्या नाहीत. कुणी फॉर्म भरून द्यायला बसली, कुणी रक्त देऊन उठणाऱ्याच्या हाताला धरून पलंगावरून खाली उतरवलं, कुणी नवऱ्याला नि दिराला घेऊन आली. "त्यांची नावं कुठल्याच सर्टिफिकेटवर नाहीत, रजिस्टरमध्ये त्यांच्यापुढे फक्त 'नाकारले' असं आहे," एवढं बोलून काका थोडं थांबले. समोर बायकांच्या बाजूला एकदम शांत झालं होतं.

दुसरे आभार एका तरुण मंडळाचे. रक्ताचा प्रश्न असा की लाल पेशींची पिशवी साधारण ३५ ते ४२ दिवस टिकते, प्लेटलेट्स तर फक्त ५ दिवस. जयंती, वाढदिवस, गणपती, सगळ्यांची शिबिरं एकाच वेळी झाली तर पिशव्या मुदत संपून फेकाव्या लागतात, आणि मे महिन्यात कॉलेजं बंद, लोक गावाला, तेव्हा थॅलेसेमियाच्या पोरांचे आईबाप दारोदार फिरतात. त्यांना दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतं, सुट्टी बघून नाही. या मंडळाने गणपतीतलं आपलं शिबिर सोडून दिलं आणि मे महिन्यात घेतलं. तिथं मांडव नाही, पाहुणे नाहीत, पेपरात फोटो नाही, ४२ डिग्रीत शाळेच्या खोलीत पंखे भाड्याने आणून. काका म्हणाले, "गर्दीत शिबिर भरवायला मला कधीच जड गेलं नाही. त्या पोरांनी गर्दी सोडली, ते जड होतं." पोरं मागे भिंतीला टेकून उभी होती, त्यातला एक खाली बघत होता.

माझ्या मते खरे आभार हेच. "सर्वांचे मनःपूर्वक आभार, कुणाचं नाव राहिलं असल्यास क्षमस्व" हे आपण सगळेच म्हणतो, पण त्यात कुणालाच आपले आभार मानले असं वाटत नाही. कुणी काय सोडलं, काय उचललं हे नेमकं सांगितलं की त्या माणसाला कळतं, याने बघितलं होतं. त्यासाठी पस्तीस वर्षं नुसतं काम करून भागत नाही, आजूबाजूला बघत काम करावं लागतं. आणि थोडीच नावं घ्यायची हिंमत लागते. काकांच्या चिठ्ठीवर सहाच ओळी होत्या.

शेवटी एवढंच म्हणाले, "पुढचं शिबिर मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी. मागच्या वेळी ज्यांचा थेंब तरंगला त्यांनी एकदा डॉक्टरांना दाखवून या. धन्यवाद." आणि बसले. निवेदकाला कळायला दोन सेकंद लागले की भाषण संपलं.

घरी आल्यावर शाल खुंटीला लावली आणि एकदम म्हणाले, अरे, चहावाल्याचं राहिलं. पहिल्या शिबिरापासून एक पैसा न घेता चहा-बिस्किटं देणारा माणूस, आणि चिठ्ठीवर नाव असून वाचायचं राहून गेलं. रात्री साडेदहाला त्याला फोन लावला. स्पीकरवर होता म्हणून ऐकू आलं. तो म्हणाला, "काका, मी हॉलवरच होतो की, मागे चहा करत होतो. तुमचं भाषण इतक्यात झालं की कप भरायचेच राहिले."